कमोडची सीट एका बाजूला सरकते? नट आवळण्याआधी खालची रबरं बघा

सॅनिटरीच्या दुकानात काउंटरवर बसलं की एक तक्रार वारंवार कानावर येते: "सीट हलते, दोन बोल्ट द्या." मी आधी विचारतो, "खालची रबरं शाबूत आहेत का?" बहुतेकांनी ती कधी पाहिलेलीच नसतात. सीट उचलायची, वापरायची, खाली टाकायची, एवढाच तिच्याशी संबंध. बोल्ट नेऊन आवळतात, थोड्या दिवसांनी सीट परत सरकायला लागते आणि मग दोष बोल्टच्या माथी मारला जातो.

ज्यांच्या घरात कमोड नुकताच आला आहे आणि ज्यांनी हे काम कधी हाताने केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लागणारी हत्यारं घरात असतात: एक चपटा आणि एक चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, मोजपट्टी, जुना टूथब्रश, रबरी हातमोजे आणि मोबाईलची टॉर्च.

आधी रचना समजून घ्या. कमोडच्या मागच्या बाजूला, फ्लश टँकच्या पुढे, चिनी मातीत दोन आरपार भोकं असतात. सीटच्या दोन बिजागऱ्यांचे बोल्ट त्यातून खाली जातात आणि खालून नटाने आवळले जातात. नट बहुधा प्लास्टिकचा आणि पंखांचा असतो, म्हणजे हाताने फिरवता येईल असा. चिनी माती आणि नट यांच्यामध्ये रबरी वॉशर असतो. सीट उलटी करून पाहिली तर कडेच्या खाली चार रबरी बफर दिसतील, दोन पुढे आणि दोन मागे. झाकणाखाली वेगळे असतात, पण ते फक्त आवाज आणि आपट सांभाळतात.

माणूस बसला की त्याचं वजन या चार बफरमधून कमोडच्या कडेवर उतरायला हवं. बिजागरीने वजन पेलायचं नसतं, तिचं काम सीट जागेवर ठेवणं आणि उघडझाप करू देणं. चारपैकी एक बफर गळून पडला की सीट डोलायला लागते, आणि दर डोलण्यात बिजागरीला वरखाली झटका बसतो. त्या झटक्यांनीच नट हळूहळू सुटतो. म्हणून नट सैल झाल्यामुळे सीट हलते हे खरं असलं, तरी नट सैल का झाला याचं उत्तर पुष्कळदा सीटच्या खाली असतं.

आता एवढी का सरकते ते बघू. भोक साधारण १५ मिलिमीटरचं आणि बोल्ट ८ मिलिमीटरचा धरला, तर बोल्टला भोकात ७ मिलिमीटर मोकळीक राहते. ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते, कारण भट्टीत भाजताना चिनी माती थोडी आकसते आणि प्रत्येक कमोडची भोकं अगदी एकसारख्या जागी येत नाहीत. नट घट्ट असेपर्यंत वॉशरच्या पकडीमुळे बोल्ट जागचा हलत नाही. नट सैल झाला की एक बिजागरी साडेतीन मिलिमीटर पुढे आणि दुसरी तेवढीच मागे जाऊ शकते. दोन भोकांतलं अंतर १४ सेंटीमीटर आणि भोकांपासून सीटचं टोक ४२ सेंटीमीटर, म्हणजे तिप्पट लांब. बिजागऱ्यांपाशी पडलेला ७ मिलिमीटरचा फरक टोकाला तिप्पट होतो, म्हणजे तब्बल २ सेंटीमीटर. इतक्याशा फटीने सीट एवढी कशी फिरते, याचा हिशोब हा असा आहे.

दोष कुठे आहे ते हाताने ओळखा

सीट खाली ठेवा. एका हाताचं बोट बिजागरी आणि चिनी माती जिथे भेटतात तिथे टेकवा आणि दुसऱ्या हाताने सीटचं पुढचं टोक डावीकडे-उजवीकडे ढकला. बोटाखाली बिजागरीचा तळ मातीवर सरकत असेल, तर नट किंवा वॉशर सैल आहे. तळ जागेवर आहे पण सीट तरीही हलते, तर बिजागरीची आडवी पिन झिजली आहे. त्या पिनेवर नट आवळून काही फरक पडणार नाही, बिजागरीच बदलावी लागते. बटण दाबून निघणारी सीट असेल तर आधी ती पूर्ण खटका लागून बसली आहे का ते बघा. साफसफाईसाठी काढून अर्धवट बसवलेली सीटही अशीच हलते.

मग बफरची परीक्षा घ्या. वर्तमानपत्राची बोटभर रुंदीची पट्टी एकेका बफरखाली घाला, सीटवर तळहाताने बेताचा दाब द्या आणि पट्टी ओढा. पट्टी अडली तर तो बफर वजन घेतोय. सहज निसटली तर तो हवेत आहे. चारही ठिकाणी हे करा. समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबून सीट टकटक वाजते का तेही ऐका. हळू मिटणारी, म्हणजे सॉफ्ट क्लोज सीट असेल तर ती जोराने खाली दाबू नका, आपणहून बसू द्या.

अमळनेरच्या एका घरातली गोष्ट

श्रावणात कानबाईच्या उत्सवाला आपल्याकडे खानदेशात घर भरतं. रोटांच्या प्रसादासाठी भाऊबंद एकत्र येतात आणि एका संडासावर सगळ्या गोतावळ्याचा भार पडतो. त्यानंतरच्या आठवड्यात अमळनेरहून एक मावशी दुकानात आल्या. काउंटरवर हात टेकून म्हणाल्या, "भाऊ, हाई सीट हालस, आई पडी जाई ना!" त्यांच्या सासूबाईंचा डावा गुडघा दुखतो. बसताना त्या उजव्या हाताने भिंत धरून अंग आधी एका बाजूला टेकवतात आणि मग सीटवर सरकतात. अशा माणसाच्या खालची सीट दोन सेंटीमीटर सरकणं म्हणजे तोल जायला निमित्तच. बोल्ट घरच्यांनी आधीच एकदा आवळून पाहिले होते, असंही त्यांनी सांगितलं.

मी त्यांना बोल्ट दिले नाहीत. सीटचा खालून फोटो काढून आणायला सांगितलं. फोटोत दिसलं ते असं: मागच्या उजव्या बफरच्या जागी नुसतं भोक, पुढचा डावा बफर घासून चपटा झालेला, बाकीचे दोन बरे. म्हणजे सीट आधी मागे उजवीकडे बुडायची, मग उलट बाजूला उठायची. प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा उजवा नट हाताने दोन फेरे फिरत होता, डावा थोडाच. रबरी वॉशर दगडासारखा झालेला आणि नटावर बोरिंगच्या पाण्याचा पांढरा थर. जळगाव-धुळ्याकडे बोरच्या खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत हा थर नेहमीचाच. त्यात फरशी धुताना सांडलेला अॅसिडचा फवारा नटाखाली साचतो. तो लोखंडी भाग खातो, आणि जुनं रबर आणखी लवकर चिरतं.

त्यांच्यासाठी जे ठरवलं ते इथे क्रमाने सांगतो. तुमच्याकडे बोल्ट वेगळे असतील, पण क्रम हाच ठेवा.

काम सुरू करण्याआधी

कमोड आणि आजूबाजूची जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. त्या दिवशी अॅसिडचा क्लीनर वापरला असेल तर तो पूर्ण धुऊन टाका आणि त्यावर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही टाकू नका. दोन्हींचा विषारी वायू होतो आणि लहान संडासात तो लगेच भरतो. नहाणीच्या जाळीवर एक फडकं टाका, कारण सुटलेला नट घरंगळत नेमका तिकडेच जातो. कमोडचं झाकण मिटून ठेवा, बोल्टवरची टोपी आत पडली तर हात घालून काढायची वेळ येऊ नये.

बिजागरीच्या तळावर प्लास्टिकची छोटी टोपी असेल तर चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचला. आत बोल्टचं डोकं दिसेल. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळलं तर टोपीवर ओरखडा येत नाही.

नट सोडणं

बोल्टचं डोकं वरून स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवा आणि खालून नट फिरवा. नवख्यांची इथे हमखास गडबड होते. नट खालून पाहिला तर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो, पण तुम्ही वरून वाकून आंधळेपणाने हात घातलात तर तीच दिशा घड्याळाची वाटते. खात्री नसेल तर आरसा किंवा मोबाईलचा कॅमेरा खाली धरा आणि एक पाव फेरा करून बघा. बोल्टचा नटाबाहेर आलेला भाग लांबला तर नट घट्ट होतोय.

पांढऱ्या थराने अडलेल्या प्लास्टिकच्या नटाला जोर लावू नका. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात कापड भिजवून नटाभोवती तासभर गुंडाळा, मग ब्रशने घासा. थर मऊ पडला की नट सुटतो. लोखंडी बोल्ट गंजलेला असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब घालून थांबा. हातोडी मात्र नकोच, चिनी माती ठोक्याने तडकते. शेवटचा उपाय म्हणजे करवतीच्या पात्याने नट आणि चिनी माती यांच्यामध्ये बोल्ट कापणं. पातं नुसतं हातात धरा, त्याच्या एका टोकाला जाड कापड गुंडाळा आणि चिनी मातीच्या बाजूला पुठ्ठा लावून घ्या. प्लास्टिकचा बोल्ट पाच मिनिटांत कापला जातो. लोखंडी असेल तर धीर धरावा लागेल.

अमळनेरच्या घरी नट लिंबानेच सुटले. बोल्टचे आटे ठीक होते, म्हणून नवीन बोल्ट घेतले नाहीत. आटे बोटाने चाचपून बघावेत. चपटे किंवा तुटके लागले तर बोल्ट आणि नट दोन्ही बदला, एकच बदलून भागत नाही.

बफर बसवणं

मावशी म्हणाल्या, "एकच गेलाय ना, एकच द्या." असं करू नका. नवा बफर जुन्या झिजलेल्या तिघांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच निघतो, मग सीट त्याच्यावर टेकते आणि बाकीच्यांपैकी एखादा हवेत राहतो. डोलणं तिथूनच परत सुरू होतं. चारही एकाच संचातले घ्या.

दुकानात जाताना जुना एक बफर बरोबर न्या. बहुतेक बफर खाली रबर आणि वर एक दांडा असे असतात, दांडा सीटच्या भोकात दाबून बसवायचा. काही स्क्रूने बसतात, काही नुसते चिकटतात. दांड्याची जाडी आणि रबराची उंची जुळली पाहिजे. जुना बफर मधोमध चपटा झाला असेल तर त्याची उंची कडेला मोजा, तिथे मूळची उंची थोडी तरी शिल्लक असते. कमी उंचीचे बफर बसवले तर सीटचं प्लास्टिक कमोडच्या कडेला टेकतं, सरकतं आणि चरचरतं.

भोक साफ करून वाळू द्या. दांड्याला साबणाचं पाणी लावून किंचित पिळत आत दाबा, रबर सीटला सगळीकडून टेकलं पाहिजे. दांडा सैल असेल तर त्यावर पातळ रबराची एक पट्टी गुंडाळून बघा. झटपट चिकटणारा गम इथे फार भरवशाचा नाही, कारण बऱ्याच स्वस्त सीट पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि त्या प्लास्टिकला बहुतेक गम धरत नाहीत. दांड्याभोवतीचं प्लास्टिकच चिरलं असेल तर नवी सीट घ्यावी लागेल, तिथे जुगाड टिकत नाही.

बोल्ट मधोमध आणून आवळणं

भोकाच्या दोन्ही तोंडांची जागा, वरची आणि खालची, पुसून कोरडी करा. ओल्या किंवा साबणाच्या पृष्ठभागावर रबर पकडत नाही. वरून बिजागरी आणि तिचा वॉशर ठेवा, बोल्ट खाली सोडा, खालून नवा रबरी वॉशर, मग नट. काही वॉशर शंकूच्या आकाराचे असतात. त्याची निमुळती बाजू वर भोकात जाऊ द्या, तोच बोल्टला भोकाच्या मध्ये धरतो. उलटा बसवला की तो नुसता साधा वॉशर उरतो, आणि सीट परत सरकण्याचं ते एक छुपं कारण असतं.

शंकूचा वॉशर नसेल आणि भोक बोल्टपेक्षा बरंच मोठं असेल, तर बोल्टभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. ट्यूब साधारण एक मिलिमीटर जाड धरली तर तीन वेढ्यांनी ८ चा बोल्ट १४ पर्यंत भरतो आणि १५ च्या भोकात नीट बसतो. पट्टीची रुंदी चिनी मातीच्या जाडीपेक्षा थोडी कमी ठेवा. जास्त रुंद ठेवली तर नट आधी पट्टीलाच अडेल आणि बिजागरी कधीच आवळली जाणार नाही. ठिबकच्या लॅटरल नळीचा तुकडाही काही जण घालतात, शेतात ढीगभर पडलेला असतो ना. पण तो कडक असतो, दबत नाही, म्हणून मी ट्यूबलाच पसंती देतो.

आता दोन्ही नट हाताने नुसते टेकेपर्यंत फिरवा. सीट खाली करा आणि मोजपट्टीने पुढे दोन्ही बाजूंना सीटची कड कमोडच्या कडेपेक्षा किती बाहेर आहे ते मोजा. दोन्ही आकडे सारखे होईपर्यंत सीट हलवा. मग एक नट अर्धा फेरा, दुसरा अर्धा फेरा, असे आळीपाळीने आवळा. एकच नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर सीट तिरपी होऊन तशीच अडकते.

किती आवळायचं? प्लास्टिकचा नट हाताने जितका जातो तितका, मग पक्कडीने फार तर पाव फेरा. रबरी वॉशरची कड किंचित बाहेर फुगलेली दिसली की थांबा. यापुढे जोर लावलात तर प्लास्टिकचे आटे सोलतात, आणि बोल्ट लोखंडी असेल तर चिनी माती भोकापासून तडकते. तशी तड दिसलीच तर आवळणं तिथेच सोडा. कमोड बदलावा लागेल की काय, ते प्लंबरला दाखवून ठरवा. लोखंडी बोल्टला दुसरा नट खालून लावून पहिल्याला अडवता येतं. आट्यांना लावायचा गम प्लास्टिकच्या बोल्टवर वापरू नका, काही प्लास्टिक त्याने चिरतं.

सगळं झालं की कागदाची पट्टी परत चारही बफरखाली ओढून बघा आणि सीटच्या टोकाला धरून ढकलून बघा. अमळनेरला टोकाचं सरकणं जवळजवळ थांबलं होतं, फक्त रबराच्या मऊपणाची हलकीशी लवचीक हालचाल उरली. ती असणारच, ती काढण्यासाठी नट आणखी आवळू नका.

खालून हात जात नसेल तर

भिंतीला टांगलेले आणि बाजू झाकलेले कमोड खालून उघडे नसतात. त्यांचे बोल्ट वरून आवळले जातात: भोकात एक रबरी बुच असतो, वरून स्क्रू फिरवला की तो आत फुगून मातीला पकडतो. इथे सीट सरकली तर टोपी उघडून स्क्रू आवळा. स्क्रू नुसताच फिरत राहिला तर आत बुचही त्याच्याबरोबर फिरतोय. बिजागरी वर खेचून धरून स्क्रू फिरवा, बुच मातीला अडतो आणि पकड येते. तरीही जमलं नाही तर बुच काढून बघा. तो चिरला किंवा आट्यांपाशी खाल्ला गेला असेल तर त्याच मापाचा नवा बसवा.

परत कधी बघायचं

नवं रबर पहिल्या काही दिवसांत दबतं, म्हणून आठवड्याभराने दोन्ही नट हाताने एकदा चाचपा. फिरत असतील तर तेवढेच फिरवा. साफसफाईत अॅसिड वापरायचंच असेल तर ते कमोडच्या आतच राहू द्या, आणि बिजागरीपाशी सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पिन झिजली असेल किंवा सीटच बदलायची वेळ आली असेल, तर दुकानात नुसतं "कमोडची सीट द्या" म्हणू नका. दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, भोकांच्या रेषेपासून कमोडच्या पुढच्या टोकापर्यंतची लांबी आणि सर्वांत रुंद जागेची रुंदी, ही तीन मापं लागतात. त्याहून सोपं म्हणजे वर्तमानपत्राचा कागद कमोडवर पसरून कडेच्या बाहेरून रेघ ओढायची, दोन भोकांवर पेनाने खुणा करायच्या आणि तो कागद घडी घालून आणायचा. आम्ही तो सीटवर ठेवूनच सीट देतो, आणि भोकं खालून उघडी आहेत की नाहीत, हेही त्याच वेळी विचारतो.